टाचेचा थेंब आणि फेरतपासणीचे बोलावणे

नवजात बालक दोन दिवसांचे झाले की त्याच्या टाचेला बारीक टोचून रक्ताचे चार-पाच थेंब एका जाड गाळणकागदावर घेतले जातात. कागदावर छापलेली वर्तुळे त्या रक्ताने भरली जातात, कागद वाळवला जातो आणि प्रयोगशाळेकडे रवाना होतो. पुढे काही दिवसांनी बहुतेक घरांत काहीच कळवले जात नाही, कारण कळवण्यासारखे काही नसते. काही थोड्या घरांत मात्र निरोप येतो की बालकाला पुन्हा रक्ततपासणीसाठी आणावे. या निरोपाचा नेमका अर्थ काय, हे पुष्कळदा निरोप घेणाऱ्याला ठाऊक नसते, आणि खेदाची गोष्ट अशी की तो देणाऱ्यालाही कधीकधी पुरते ठाऊक नसते. परिणामी एका घरात आकांत होतो, तर दुसऱ्या घरात निरोप फडताळावर पडून राहतो. या पाठात आपण त्या निरोपाचाच विचार करणार आहोत, आणि तोही मुख्यत्वे अवटु ग्रंथीच्या, म्हणजे थायरॉइडच्या, जन्मजात उणिवेपुरता.

ही एकच उणीव निवडण्याचे कारण असे की ती आपल्याकडे दुर्मीळ नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने मुंबई, दिल्ली, चेन्नई, हैदराबाद आणि कोलकाता या पाच केंद्रांत मिळून एक लाखाहून अधिक नवजात बालके तपासली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे ११३० जन्मांमागे एका बालकात ही उणीव आढळली. चेन्नईच्या केंद्रात तर हे प्रमाण सुमारे ७२७ जन्मांमागे एक असे होते. गोव्यात राज्यशासनाने २००८ साली सरकारी रुग्णालयांत जन्मणाऱ्या बालकांसाठी अशी तपासणी सुरू केली होती. राज्यपातळीवर असा प्रयत्न करणाऱ्यांत गोवा देशात आघाडीवर होते. आजही ही सोय सर्व जिल्ह्यांत सारखी पोहोचलेली नाही. तथापि जेथे ती आहे तेथे फेरतपासणीचे बोलावणेही आहे, आणि सारी तपासणी सार्थ ठरते ती त्या बोलावण्याच्या टप्प्यावर.

बालक निरोगी दिसते, ते का

अवटु ग्रंथी गळ्याच्या पुढील भागी असते आणि थायरॉक्सिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडते. मोठ्या माणसात ते कमी पडले तर थकवा, सूज, वजनवाढ असे त्रास होतात आणि औषधाने ते बरेही होतात. अर्भकाची गोष्ट निराळी आहे. त्याच्या मेंदूची घडण पहिल्या दोन-तीन वर्षांत चालू असते आणि त्या घडणीला थायरॉक्सिन लागते. या काळात ते मिळाले नाही, तर पुढे कितीही औषध दिले तरी झालेली हानी पूर्णतः भरून येत नाही. १९७२ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचे आकडे या विषयात वारंवार सांगितले जातात. त्या काळी नवजात तपासणी नव्हती, त्यामुळे लक्षणे दिसल्यावरच उपचार होत असत. ज्यांचे उपचार तीन महिन्यांच्या आत सुरू झाले त्या बालकांचा सरासरी बुद्ध्यंक ८९ भरला, तीन ते सहा महिन्यांत सुरू झाले त्यांचा ७१, आणि सहा महिन्यांनंतर सुरू झाले त्यांचा ५४. औषध तेच होते, रोगही तोच होता. फरक होता तो आरंभाच्या दिवसाचा.

तर मग लक्षणे पाहून रोग लवकर का ओळखता येत नाही? याचे कारण गर्भावस्थेत आहे. मातेचे थायरॉक्सिन काही प्रमाणात वारेतून गर्भाकडे जाते. ज्या बालकाची स्वतःची ग्रंथी तयारच झालेली नाही, त्यालाही जन्मापर्यंत हा आधार मिळत राहतो. जन्मानंतर नाळ तुटते आणि मातेकडून मिळालेला साठा हळूहळू ओसरतो. म्हणून पहिल्या आठवड्यात अशी बहुसंख्य बालके इतरांसारखीच दिसतात. वजन चांगले, रंग चांगला, दूध ओढणे बरे. लांबलेली कावीळ, बद्धकोष्ठ, घोगरे रडणे, बेंबीचा फुगवटा, जाड जीभ, थंड त्वचा, अति झोप ही चिन्हे पुढच्या आठवड्यांत हळूहळू उमटतात. त्यांतही घरची माणसे झोपेची तक्रार करीत नाहीत, उलट कौतुकच करतात. "फार शहाणे बाळ आहे, मुळीच रडत नाही," हे वाक्य आरोग्यसेविकेने कानाआड करू नये.

म्हणून बोलावण्याविषयीची पहिली गोष्ट ही की बालक निरोगी दिसते हे न येण्याचे कारण होऊ शकत नाही. निरोगी दिसत असतानाच त्याला बोलावता यावे, एवढ्यासाठीच ही तपासणी आहे.

कागदावरचा आकडा

प्रयोगशाळेत वाळलेल्या ठिपक्यातून सुमारे तीन मिलिमीटर व्यासाची चकती कापून काढतात आणि तिच्यातील टीएसएच मोजतात. टीएसएच हे मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचे संप्रेरक होय. अवटु ग्रंथी काम करीत नसेल, तर पीयूषिका तिला जागे करण्यासाठी अधिकाधिक टीएसएच सोडते. घरात कोणी हाकेला ओ देत नसेल तर हाक मारणाऱ्याचा आवाज चढत जातो, तसाच हा प्रकार. म्हणून टीएसएचचा चढलेला आकडा ग्रंथीच्या उणिवेचा इशारा देतो.

परंतु आकडा चढण्यास दुसरीही कारणे असतात, आणि त्यांतील सर्वांत मोठे कारण स्वतः जन्मच आहे. जन्मताच बालक उबेतून थंड हवेत येते. त्या धक्क्याने अर्ध्या तासातच टीएसएच ६० ते ८० पर्यंत उसळते आणि पुढील दिवसांत ओसरते. पहिल्या दिवशी घेतलेल्या नमुन्यात त्यामुळे निरोगी बालकेही रोगी भासतात. म्हणूनच नमुना ४८ ते ७२ तासांच्या दरम्यान घ्यावा असा नियम आहे. ज्या रुग्णालयातून माता दुसऱ्याच दिवशी घरी जाते, तेथे २४ तासांनंतर नमुना घेता येतो. मात्र त्यास वरची मर्यादा लावावी लागते, आणि त्यासाठी कागदावर नमुन्याची वेळ लिहिलेली असावी लागते. अनेक ठिकाणी जन्मतःच नाळेतील रक्त घेण्याची पद्धत आहे. ते उसळीच्या आधीचे रक्त असल्यामुळे चालते. चालत नाही ते मधले रक्त, म्हणजे पहिल्या काही तासांत टाचेतून घेतलेले. आणि जन्माची व नमुन्याची वेळ न लिहिलेला कागद तर कोणत्याच मर्यादेशी ताडता येत नाही.

दुसरे कारण आयोडीनचे. प्रसूतीच्या वेळी किंवा शस्त्रक्रियेनंतर मातेच्या त्वचेला अथवा बालकाच्या नाळेला पोव्हिडोन आयोडीन लावले, तर ते शोषले जाऊन बालकाची ग्रंथी काही काळ दबते आणि टीएसएच चढते. टाच पुसण्यासाठीही आयोडीन वापरू नये. स्पिरिटाने पुसून, ते पूर्ण वाळल्यावर टोचावे. मातेला ग्रंथीच्या अतिक्रियाशीलतेसाठी औषध चालू असेल, तर त्याचाही असाच तात्पुरता परिणाम होतो. मातेला काय औषध चालू होते, हे विचारून कागदावर नोंदवणे हे परिचारिकेचे काम आहे.

आता आकड्यांच्या मर्यादा पाहू. आपल्या देशातील बालसंप्रेरकतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार, ४८ तासांनंतरच्या नमुन्यात टीएसएच २० मिलिएकक प्रतिलिटरच्या खाली असेल तर बोलावणे नाही. २० ते ४० च्या दरम्यान असेल, तर बालक ७ ते १० दिवसांचे असताना दुसरा नमुना घ्यावा. ४० च्या वर असेल, तर बालकाला तत्काळ बोलावून शिरेतून रक्त घ्यावे आणि त्यात टीएसएच व थायरॉक्सिन दोन्ही मोजावे. या साऱ्या मर्यादा रक्तद्रवाच्या एककांत आहेत. येथे एक खाचखळगा आहे, त्याचा उलगडा पुढील उदाहरणात करू.

एका बालिकेचे प्रकरण

शिकवण्यासाठी एक प्रकरण रचून घेऊ. आकडे या रोगात प्रत्यक्ष आढळतात तसेच घेतले आहेत.

सासर बेळगाव जिल्ह्यात आणि माहेर पेडणे तालुक्यात असलेली एक स्त्री पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली आहे. मुलगी पूर्ण दिवसांची, वजन तीन किलो. ६२ तासांची असताना टाचेचा नमुना घेतला गेला. परिचारिकेने टाच ऊबदार फडक्याने शेकली, टाचेच्या तळव्याकडील बाजूला कडेशी टोचले, पहिला थेंब पुसून टाकला आणि पुढचा मोठा थेंब कागदाच्या एकाच बाजूने वर्तुळात जिरू दिला. कागद चार तास आडवा ठेवून सावलीत वाळवला आणि दुसऱ्या दिवशी पाठवला. मुलगी आठ दिवसांची झाली तेव्हा अहवाल आला. टीएसएच ३१.

वैद्यकीय अधिकाऱ्यांनी अहवाल पाहिला. ३१ हा आकडा २० आणि ४० यांच्या मधला आहे, तेव्हा दुसरा ठिपका घेऊन पाठवू, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु अहवालाच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिले होते की हे मोजमाप पूर्ण रक्ताच्या एककांत आहे. टीएसएच केवळ रक्तद्रवात असते, तांबड्या पेशींत नसते. आणि नवजात बालकाच्या रक्तात तांबड्या पेशींनीच निम्म्याहून थोडी अधिक जागा व्यापलेली असते. म्हणून पूर्ण रक्तातील आकडा रक्तद्रवाच्या मापात आणण्यासाठी त्यास सुमारे २.२ ने गुणावे लागते. ३१ गुणिले २.२ म्हणजे ६८. हा मधला आकडा नव्हे, हे तत्काळ बोलावणे होय. एकक न पाहता अहवाल वाचला असता, तर या मुलीचा दुसरा ठिपका टपालाने गेला असता, त्याच्या उत्तरात आणखी आठवडा सरला असता, आणि उपचाराविना तिचा तिसरा आठवडा लागला असता. काही प्रयोगशाळा स्वतःच गुणाकार करून रक्तद्रवाचा आकडा देतात, तेथे पुन्हा गुणले तर उलट चूक होते. म्हणून आपली प्रयोगशाळा कोणत्या एककात अहवाल देते, हे प्रत्येक केंद्राने एकदा लेखी विचारून भिंतीवर लावून ठेवावे, असे आमचे मत आहे.

त्याच दिवशी आरोग्यसेविकेने नोंदवहीतील क्रमांकावर दूरध्वनी केला. तो पित्याचा होता. तो बेळगावकडे कामावर असल्याने त्याने सासुरवाडीचा क्रमांक दिला. हा प्रसंग आपल्या भागात नित्याचा आहे. बाळंतपण माहेरी आणि पत्ता सासरचा, अशी नोंद असली की बोलावण्याचे पत्र भलत्याच गावी, कधी भलत्याच राज्यात जाते. नमुना घेतानाच "पुढील दीड महिना बाळ कोठे राहणार?" हा प्रश्न विचारून तो पत्ता आणि त्या घरातील क्रमांक लिहून घ्यावा. बोलावणे केवळ पत्राने तर कधीच देऊ नये.

माहेरच्या घरी दूरध्वनी आजीने घेतला.

"आजी, मी आरोग्य केंद्रातून सिस्टर बोलते आहे. बाळाच्या टाचेचे रक्त घेतले होते, त्याचा निकाल आला आहे. एक गोष्ट खात्रीने पाहायची आहे, म्हणून उद्या सकाळी बाळाला घेऊन यायचे आहे."

"अहो, बाळ अगदी छान आहे. अजून सोयर आहे घरात. बाराव्या दिवशी बारसे आहे, ते झाले की आणू."

"बारसे होईल, आजी, त्याला काही अडचण नाही. पण हे रक्त उद्याच घ्यायला हवे. गळ्यातल्या एका ग्रंथीचे काम नीट चालले आहे की नाही, ते पाहायचे आहे. नसेल चालत तर त्यावर गोळी आहे, आणि ती लवकर सुरू झाली तर बाळ इतर मुलांसारखेच वाढते. उशीर झाला तर मात्र ते नुकसान भरून निघत नाही."

"म्हणजे माझ्या नातीला रोग आहे का?"

"ते आज कोणालाच सांगता येणार नाही. ते सांगता यावे म्हणूनच उद्याचे रक्त आहे. बाळाला अंगावर पाजत राहा, काही बंद करू नका."

या संभाषणात सेविकेने काय सांगितले आणि काय टाळले, हे पाहण्यासारखे आहे. तिने ग्रंथीचे नाव सांगितले, दिवस सांगितला, उपाय आहे हे सांगितले आणि उशिराचा तोटाही लपवला नाही. रोग आहे असे ती म्हणाली नाही, आणि काही नाही, काळजी करू नका, असेही म्हणाली नाही. हे दुसरे वाक्य धीर देण्यासाठी सहज तोंडी येते, पण ते ऐकूनच माणसे यायची थांबतात.

नवव्या दिवशी मुलीच्या शिरेतून रक्त घेतले. टीएसएच ११० आणि मुक्त थायरॉक्सिन ०.४ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर आले. पहिल्या दोन आठवड्यांत मुक्त थायरॉक्सिन १.१ च्या खाली आणि टीएसएच २० च्या वर असेल, तर उपचार सुरू करावयाचे असतात. येथे शंकेला जागाच नव्हती. डॉक्टरांनी त्याच दिवशी गोळी सुरू केली. गळ्याची सोनोग्राफी, ग्रंथी जागेवर आहे की नाही हे दाखवणारे किरणोत्सर्गी चित्रण, गुडघ्याचे क्ष-किरण चित्र या तपासण्या कारण व तीव्रता समजण्यास उपयोगी आहेत. परंतु त्या दूरच्या शहरात होणार असतील, तर त्यांच्यासाठी औषध रोखून धरू नये.

मात्रा प्रतिदिन दर किलो वजनामागे १० ते १५ मायक्रोग्रॅम असते. तीन किलोच्या या मुलीला ३७.५ मायक्रोग्रॅम, म्हणजे २५ मायक्रोग्रॅमची दीड गोळी देण्यात आली. ती किलोमागे साडेबारा भरते. गोळी दोन चमच्यांत चुरडून, आईच्या थोड्या दुधात किंवा पाण्यात कालवून लगेच पाजावी. बाटलीभर दुधात घालू नये, कारण बाळाने दूध उरवले की औषधही उरते. आधीच पाणी करून ठेवू नये. लोह किंवा कॅल्शियमचे औषध त्याच वेळी देऊ नये, ते थायरॉक्सिन शोषू देत नाही. आमच्याकडच्या घरांत बाळघुटी देण्याची चाल आहे. घुटीच्या सहाणेवर ही गोळी उगाळू नये, एवढे आजीबाईंना स्पष्ट सांगावे लागते, आणि त्यांनाच सांगावे, कारण घुटी त्याच देतात.

दोन आठवड्यांनी केलेल्या तपासणीत थायरॉक्सिन योग्य पातळीवर आले. टीएसएचला खाली येण्यास थोडा अधिक काळ लागतो. ते चार आठवड्यांच्या सुमारास आटोक्यात आले. बारसे बाराव्या दिवशीच झाले. दीड महिन्याने मुलगी सासरी जाईल तेव्हा बेळगावच्या रुग्णालयासाठी पत्र, गोळीची मात्रा आणि पुढील तपासणीची तारीख तिच्या आईच्या हाती असणे, हा याच प्रकरणाचा भाग आहे. राज्याची सीमा ओलांडली की नोंदवही मागे राहते, म्हणून कागद आईकडे हवा.

बोलावले त्या सर्वांना रोग नसतो

आता दुसरी बाजू. त्याच आठवड्यात त्याच केंद्रातील एका मुलाचा आकडा रक्तद्रवाच्या मापात २६ आला. शस्त्रक्रियेने प्रसूती झालेली, मातेच्या टाक्यांवर आयोडीन लावलेले. नवव्या दिवशी घेतलेल्या दुसऱ्या नमुन्यात टीएसएच ७ आले आणि प्रकरण मिटले. या मुलाच्या घरच्यांनी दोन दिवस न जेवता काढले असतील, तर तो दोष तपासणीचा नव्हे, निरोप देण्याच्या पद्धतीचा.

येथे साधे गणित उपयोगी पडते. समजा, दहा हजार बालके तपासली आणि शंभरांमागे एकाला बोलावले. म्हणजे शंभर बोलावणी गेली. ११३० मागे एक या प्रमाणाने दहा हजारांत सुमारे नऊ बालकांना रोग असणार. शंभर बोलावण्यांत नऊ खरी आणि एक्याण्णव निरर्थक भीती, असा याचा अर्थ घेऊ नये. चाळणीची भोके जाणूनबुजून मोठी ठेवली आहेत, कारण एक रोगी बालक सुटण्यापेक्षा दहा निरोगी बालकांचे पुन्हा रक्त घेणे परवडते. शिवाय शंभरही बोलावणी सारख्या वजनाची नसतात. आकडा २२ असेल तर दुसरा नमुना बहुधा निर्दोष निघतो. तो ९० असेल तर रोग असण्याचा संभव पुष्कळच मोठा. म्हणून निरोप देणाऱ्याने आकडा पाहूनच निरोप द्यावा.

तिसऱ्या प्रकारच्या बोलावण्यात तर आकडाच नसतो. अहवालावर केवळ नमुना अपुरा अथवा अयोग्य असा शेरा असतो. वर्तुळ अर्धेच भरले, एका थेंबावर दुसरा थेंब चढवला, टाच पिळल्याने रक्तात पाणी मिसळले, कागद ओला असतानाच पाकिटात घातला, उन्हात वाळवला, अशी त्याची कारणे असतात. हे बोलावणे बालकाविषयी काहीच सांगत नाही. परंतु काहीच न सांगणे आणि सर्व ठीक असणे यांत अंतर आहे. या बालकाची तपासणी अजून झालेलीच नाही, आणि दिवस तर मोजले जात आहेत. अनुभव असा की हाच निरोप सर्वांत अधिक हलगर्जीने दिला जातो. तो त्याच तातडीने द्यावा.

याउलट, पहिला नमुना निर्दोष आला तरी काही बालकांना पुन्हा बोलावतात. अपुऱ्या दिवसांच्या आणि फार कमी वजनाच्या बालकांत पीयूषिका ग्रंथीच अजून कच्ची असते. हाक मारणाराच अशक्त असल्यामुळे टीएसएच उशिरा चढते. त्यांचा दुसरा नमुना दोन ते चार आठवड्यांनी घेतात. रक्त दिलेल्या बालकातही पहिला आकडा दात्याच्या रक्तामुळे फसवू शकतो. आणि ज्यांच्यात मूळ दोष पीयूषिकेतच आहे, अशी थोडी बालके केवळ टीएसएच मोजणाऱ्या चाळणीतून निसटतातच. म्हणून निर्दोष अहवालानंतरही कावीळ तीन आठवडे टिकली किंवा वर सांगितलेली चिन्हे दिसली, तर अहवाल दाखवून कोणी परतवून लावू नये. शिरेतील रक्तात दोन्ही संप्रेरके मोजून घ्यावीत.

त्याच कागदावरचे इतर इशारे

काही प्रयोगशाळा त्याच ठिपक्यातून चयापचयाचे दुसरे विकारही तपासतात. त्यांचे बोलावणे आले तर त्यांचे घड्याळ निराळे असते, एवढे येथे ध्यानात घ्यावे. दुधातील शर्करा पचवण्याचा दोष, म्हणजे गॅलॅक्टोसेमिया, असल्यास बालक पहिल्याच आठवड्यात कावीळ, उलट्या, जंतुसंसर्ग यांनी गंभीर होऊ शकते. तेथे डॉक्टरांच्या आदेशाने आईचे दूध थांबवावे लागते. थायरॉइडच्या बोलावण्यात मात्र ते कधीही थांबवू नये. मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथींच्या जन्मजात विकारात दुसऱ्या आठवड्यात शरीरातील मीठ घटून बालक अकस्मात कोसळू शकते, म्हणून त्या निरोपाला तासांचा हिशेब लागतो. तेव्हा बोलावणे आले की पहिला प्रश्न हा की कशासाठी. "रक्तात काहीतरी निघाले आहे" असा निरोप देऊ नये आणि मातापित्यांनी तो तेवढ्यावर घेऊही नये. विकाराचे नाव, आकडा आणि यावयाचा दिवस या तीन गोष्टी मागून घ्याव्यात.

आपल्या प्रकरणातील मुलीचे पुढे काय, असा प्रश्न उरतो. तिची तपासणी पहिले सहा महिने दरमहा, नंतर तीन वर्षांपर्यंत दोन-तीन महिन्यांनी होईल, आणि वजन वाढेल तशी मात्रा बदलेल. तिची ग्रंथी मुळातच नाही किंवा भलत्या जागी आहे असे चित्रणात दिसले, तर गोळी आयुष्यभर लागेल. ग्रंथी जागेवर असेल, तर तीन वर्षे पूर्ण झाल्यावर, जेव्हा मेंदूला धोका उरत नाही तेव्हा, डॉक्टर सुमारे चार आठवडे गोळी थांबवून रक्त पुन्हा तपासतील. टीएसएच पुन्हा चढले तर उणीव कायमची ठरेल, न चढले तर गोळी सुटेल. तीन वर्षांच्या आत "आता मुलगी धडधाकट आहे" म्हणून घरच्यांनीच गोळी बंद करण्याचे प्रकार घडतात. मुलगी धडधाकट आहे ती त्या गोळीमुळे, हे प्रत्येक भेटीत नव्याने सांगावे लागते.